चार मशीन, दोन हात आणि अर्धा तास: डायलिसिस विभागातील कर्मचाऱ्यांचे व्यवस्थापनाला खुले पत्र

प्रति,
माननीय व्यवस्थापक मंडळ व वैद्यकीय अधीक्षक,
ठाणे.

विषय: डायलिसिसची चौथी शिफ्ट आणि अपुरे मनुष्यबळ

महोदय,

सप्रेम नमस्कार.

आपल्या रुग्णालयाच्या डायलिसिस विभागातले आम्ही सात टेक्निशियन, चार सिस्टर, दोन वॉर्डबॉय आणि तीन मावशी मिळून हे पत्र लिहीत आहोत. लिहून काढायचे काम माझ्याकडे आले, कारण विभागात सर्वांत जुना मी आहे. मजकूर सोळाही जणांनी वाचला आहे आणि कार्यालयात दिलेल्या प्रतीवर सोळा सह्या आहेत. या खुल्या प्रतीत आम्ही रुग्णालयाचे नाव, आमची नावे किंवा कोणत्याही रुग्णाची ओळख दिलेली नाही.

याआधी आम्ही दोन अर्ज दिले. पहिल्या अर्जावर "बघू" असे तोंडी उत्तर मिळाले, दुसऱ्यावर काहीच नाही. प्रश्न फक्त आमच्या थकव्याचा असता, तर तिसरा अर्जही आतल्या आतच दिला असता. पण आमच्या वेळेतून जे कापले जाते ते रुग्णाच्या उपचारातून कापले जाते, आणि ते रुग्णाला व त्याच्या घरच्यांना माहीत असायला हवे असे आम्हांला वाटते. म्हणून हे उघडपणे लिहिले आहे.

आधी परिस्थिती सांगतो. विभागात बारा मशीन आहेत. मार्चपर्यंत दिवसाला तीन शिफ्ट चालत, म्हणजे ३६ रुग्ण. टेक्निशियन दहा होते. प्रत्येक ड्यूटीला चौघे वॉर्डात, म्हणजे एकाकडे सरासरी तीन मशीन. उरलेल्या दोघांपैकी एक रीयूज रूममध्ये, जिथे डायलायझर म्हणजे रक्त गाळणारे फिल्टर पुन्हा वापरण्यासाठी धुतले जातात, आणि एक कुणाच्या तरी रजेच्या जागी. मार्चपासून चौथी शिफ्ट सुरू झाली आणि रुग्ण ४८ झाले. त्याच काळात तिघे टेक्निशियन नोकरी सोडून गेले आणि त्यांच्या जागा भरल्या गेल्या नाहीत. आता प्रत्येक ड्यूटीला तिघे वॉर्डात आणि उरलेला एक रीयूजमध्ये. पूर्वी वॉर्डातला एक टेक्निशियन दिवसाला सरासरी साडेचार रुग्ण सांभाळत असे, आता आठ. कुणी आजारी पडले की उरलेल्या दोघांकडे सहा-सहा मशीन येतात. पावसाळ्यात हे अनेकदा झाले.

पण खरी अडचण शिफ्ट संपते आणि दुसरी लागते त्या वेळची आहे. पूर्वी दोन शिफ्टमध्ये एक तास होता. चार शिफ्ट दिवसात बसवण्यासाठी तो अर्धा तास केला गेला: सकाळी ६ ते १०, साडेदहा ते अडीच, तीन ते सात, साडेसात ते साडेअकरा. कागदावर हे नीट बसते. प्रत्यक्षात त्या अर्ध्या तासात काय काय व्हावे लागते ते सांगतो. आपल्यापैकी काहींनी ते कधी जवळून पाहिले नसेल, म्हणून थोडे सविस्तर.

चार तास पूर्ण झाले की मशीनमधले रक्त सलाइनने हळूहळू शरीरात परत द्यायचे. त्याला पाच-सात मिनिटे लागतात. मग फिस्टुलातल्या, म्हणजे हातावर शस्त्रक्रियेने जोडलेल्या रक्तवाहिनीतल्या, दोन्ही सुया काढायच्या आणि जागा दाबून धरायची. रक्त गोठू नये म्हणून हेपरिन दिलेले असते, त्यामुळे रक्त लगेच थांबत नाही. दहा मिनिटे तरी हात हलवता येत नाही. तरुण रुग्ण स्वतःच दाबून धरतो. वयस्कर रुग्णाला ते जमत नाही, नातेवाईक बाहेर रिक्षा बघायला गेलेला असतो, आणि हात आमचा अडकतो. त्यानंतर उभे करून बीपी, वजन, नोंद. एवढे झाल्यावर मशीनकडे वळायचे. ब्लडलाइन काढून पिवळ्या पिशवीत, डायलायझर रीयूजला, मशीनचा पृष्ठभाग आणि खुर्चीचे हात हायपोक्लोराइटने पुसायचे. मग मशीनची आतली निर्जंतुकीकरणाची सायकल, आमच्या मशीनवर ती साधारण ३५ ते ४० मिनिटांची आहे. आपल्याच विभागाच्या लिखित कार्यपद्धतीत ती प्रत्येक रुग्णानंतर करायची आहे. त्यानंतर मशीनची स्वतःची तपासणी, नव्या लाइन, आणि प्रायमिंग, म्हणजे एक लिटर सलाइनने लाइन व डायलायझर धुऊन भरणे. मग पुढच्या रुग्णाचे वजन, बीपी, फिस्टुलावर बोट ठेवून थरथर लागते का ते बघणे, आणि सुया.

चार मशीन एकाच वेळी बंद होतात आणि एकाच वेळी सुरू व्हायची असतात. ३५ मिनिटांची सायकल ३० मिनिटांत बसत नाही, हे सांगायला टेक्निशियन असावे लागत नाही. त्यामुळे मार्चपासून पूर्ण सायकल फक्त रात्री शेवटी होते आणि मधल्या तीन वेळा छोट्या रिन्सवर भागवले जाते. हे आम्ही करतो, आमच्या हाताने करतो, आणि ते लिहिताना आम्हांला बरे वाटत नाही.

प्रायमिंगचे तसेच. रीयूज केलेल्या डायलायझरमध्ये पेरॅसिटिक अॅसिड भरून ठेवलेले असते. ते सलाइनने पूर्ण धुऊन निघाले की नाही हे टेस्ट स्ट्रिप लावून बघायचे असते. स्ट्रिप लावायला अर्धा मिनिट पुरतो, पण ती स्वच्छ येण्यासाठी आधीचे धुणे शांतपणे व्हायला हवे. घाईत स्ट्रिपचा रंग पुन्हा दिसतो, पुन्हा धुवावे लागते, आणि समोर खुर्चीवर पुढचा रुग्ण बाही वर करून बसलेला असतो. आजवर आम्ही स्ट्रिप चुकवलेली नाही. तिघांच्या बळावर ती कधीच चुकणार नाही अशी खात्री मात्र आम्ही देऊ शकत नाही.

आणखी एक गोष्ट कबूल करायची आहे. डायलिसिस चालू असताना दर अर्ध्या तासाला बीपी, मशीनवरचा व्हीनस प्रेशर, म्हणजे रक्त परत जातानाचा दाब, आणि किती पाणी काढले याची नोंद चार्टवर करायची असते. शिफ्ट बदलल्यानंतरच्या पहिल्या तासात या नोंदी वेळेवर होत नाहीत. काही वेळा दोन रकाने नंतर एकदम भरले जातात. चार्ट भरलेला दिसतो म्हणून लक्ष दिले जात आहे असा आपला समज झाला असेल, तर तो दूर करणे आमचे कर्तव्य आहे. ज्या सहकाऱ्यांनी हे सांगायचे धैर्य केले, त्यांच्यावर त्यासाठी कारवाई होऊ नये अशी नम्र विनंती इथेच करतो.

याचा शेवट कुठे होतो ते एका रुग्णाच्या बाबतीत घडले तसे सांगतो. त्यांना आम्ही काका म्हणतो. शहापूरच्या बाजूहून पहाटेच्या गाडीने येतात, सोमवार-बुधवार-शुक्रवार. त्यांचे ड्राय वेट, म्हणजे जादा पाणी काढून झाल्यावरचे वजन, ५२ किलो. दोन दिवसांच्या खंडानंतर सोमवारी आले तेव्हा वजन ५५.२ भरले, म्हणजे ३.२ लिटर पाणी अंगात. पाणी किती वेगाने काढावे याला मर्यादा आहे: तासाला, दर किलो वजनामागे १३ मिलीच्या वर जाऊ नये असे धरतात. काकांसाठी ते तासाला ६७६ मिली होते. चार तासांत सुमारे २.७ लिटर. सगळे ३.२ लिटर काढायचे तर पावणेपाच तास हवेत. डॉक्टरांनी फाइलवर वेळ वाढवायला लिहिलेही होते.

तीन शिफ्ट असताना असा रुग्ण असला की आम्ही त्याला मधल्या तासात पाऊण तास जास्त ठेवत होतो. शेजारच्या मशीनची तयारी आधी करत होतो, पुढचा रुग्ण थोडा थांबत होता. आता तो तासच नाही. त्या दिवशी काका उशिरा लागले होते, आणि साडेदहाच्या रुग्णासाठी मशीन मोकळे करायचे होते. म्हणून सगळे पाणी चार तासांत काढायचा हिशेब लावला गेला, तासाला ८०० मिली. तो आमचा निर्णय होता आणि तो चुकीचा होता. तिसऱ्या तासात त्यांच्या पोटरीत गोळे आले आणि बीपी ८० वर उतरले. त्या क्षणी त्यांच्याकडे असलेला टेक्निशियन पलीकडच्या आजींचा फिस्टुला दाबून उभा होता. काकांची मान कलंडलेली पाहिली ती मावशींनी. त्यांनी हाक मारली, सिस्टर धावल्या, पाणी काढणे बंद केले, पाय वर केले, सलाइन दिले. काका दहा मिनिटांत बोलू लागले. पण त्यानंतर वेग कमीच ठेवावा लागला आणि तीन तास चाळीस मिनिटांवर त्यांना काढले. तोवर २.३ लिटर निघाले होते. ९०० मिली पाणी अंगात घेऊन ते घरी गेले.

मंगळवारी रात्री ते धाप लागून कॅज्युअल्टीत आले. झोपता येत नव्हते, बसून श्वास घेत होते. रात्री दीड वाजता तातडीचे डायलिसिस करावे लागले. त्यासाठी आमच्यातला जो टेक्निशियन घरून आला, तो तासाभरापूर्वीच ड्यूटी संपवून निघाला होता. काका आज बरे आहेत. परवाच त्यांनी वॉर्डात शेतातल्या काकड्या आणून वाटल्या. आम्ही त्या खाल्ल्या, पण त्या रात्रीबद्दल त्यांना काय सांगावे ते आम्हांला सुचले नाही. गळ्याशी आलेले ते पाणी सोमवारच्या त्या एका तासाचे होते, हे आम्हांला माहीत आहे.

महोदय, या विभागातला रुग्ण आठवड्यात तीनदा येतो, वर्षात दीडशेहून जास्त वेळा. कुणाच्या मुलीचे लग्न ठरले, कुणाचे किडनीसाठीचे नाव यादीत किती पुढे सरकले, कुणी कालच्या हळदीकुंकवात दोन कप चहा जास्त घेतला, हे सगळे आम्हांला कळते. तो आमच्यावर विश्वास ठेवून हात पुढे करतो.

हिपॅटायटिस बीच्या रुग्णांबद्दल वेगळे लिहिणे भाग आहे. त्यांच्यासाठी बाजूच्या खोलीत स्वतंत्र मशीन आहे आणि तिथला टेक्निशियनही त्या शिफ्टमध्ये इतर रुग्णांना हात लावणारा नसावा, हा नियम आपण पाळत होतो. चौघे होतो तेव्हा ते जमत होते, कारण त्या मशीनबरोबर त्याच्याकडे रीयूजची मदत आणि सामान भरण्याचे काम असे. आता तिघांत एकाला एका मशीनपुरता राखून ठेवला तर उरलेल्या दोघांकडे अकरा मशीन येतात. म्हणून तोच माणूस ग्लोव्ह आणि गाऊन बदलून दोन्हीकडे जातो. ग्लोव्ह बदलण्यात आजवर हयगय झालेली नाही. पण एखाद्याची सुई सटकली, रक्त वाहू लागले, आणि जवळचा मोकळा माणूस तोच असला, तर त्या सेकंदाला तो आधी धावेल. हा विषाणू वाळलेल्या रक्तातही सात दिवस तग धरतो. यात ज्याला संसर्ग होईल त्याला तो कुठून झाला हे कधी कळणारही नाही.

ड्यूटीच्या वेळांबद्दल थोडक्यात. सकाळची ड्यूटी कागदावर साडेपाच ते अडीच, दुसरी अडीच ते साडेअकरा. पण अडीचला रुग्णांच्या सुया निघतात, त्यामुळे सकाळची माणसे सव्वातीनपर्यंत निघत नाहीत. रात्री साडेअकराला शेवटचा रुग्ण संपतो आणि मशीनची पूर्ण सायकल, कचऱ्याच्या पिशव्या, उद्याचे सामान आटोपता साडेबारा होतात. हा जादा वेळ हजेरीत लागत नाही. आमच्यातले निम्मे कळवा, दिवा, अंबरनाथ, बदलापूरला राहतात. शेवटच्या गाडीसाठी स्टेशनपर्यंत पळणाऱ्यांत दोन सिस्टर आणि एक मावशी असतात. महाराष्ट्राच्या २०१७ च्या दुकाने व आस्थापना कायद्यात रात्री साडेनऊनंतर स्त्रियांना काम द्यायचे तर त्यांची संमती आणि घरापर्यंत सुरक्षित वाहनाची सोय, ही अट आहे. कायद्याचा उल्लेख धाक म्हणून केलेला नाही. ही सोय अगदीच जास्तीची मागणी नव्हे, एवढेच त्यातून सांगायचे आहे.

आपली बाजूही आम्हांला समजते. ठाणे, भिवंडी, मुरबाडकडून येणारे रुग्ण वाढले आहेत, बरेचसे महात्मा जोतिराव फुले योजनेतले आहेत आणि प्रतीक्षा यादी होती. चौथ्या शिफ्टमुळे २४ नव्या रुग्णांना आठवड्यातून तीनदा जागा मिळाली. त्यातल्या एकालाही परत पाठवावे असे आमच्यापैकी कुणाच्याही मनात नाही. म्हणूनच शिफ्ट बंद करा एवढे म्हणून आम्ही थांबत नाही, पर्याय मांडतो.

बारा मशीन चार शिफ्ट म्हणजे ४८ रुग्ण. सोळा मशीन तीन शिफ्ट म्हणजेही ४८ रुग्ण. विभागाला लागून असलेल्या जुन्या रेकॉर्ड रूममध्ये चार मशीन बसतात, आम्ही टेपने मोजून पाहिले. पाण्याचा हिशेब असा: एक मशीन मिनिटाला अर्धा लिटर द्रव वापरते, म्हणजे तासाला ३० लिटर, सोळा मशीन एकदम चालली तरी ४८० लिटर. आपल्या आरओ प्लांटची क्षमता ताशी १,००० लिटर आहे. पाण्याची लूप, ड्रेन आणि विजेचे पॉइंट तिथपर्यंत न्यावे लागतील, आणि नव्या लूपच्या पाण्याची जिवाणू व एंडोटॉक्सिन तपासणी स्वच्छ आल्याशिवाय एकही रुग्ण तिथे लावता येणार नाही. यात काही महिने जातील हे आम्ही धरून चाललो आहोत. पण त्यानंतर मधला तास परत मिळेल, शेवटचा रुग्ण रात्री नऊला घरी जाईल आणि आम्हीही. एका टेक्निशियनकडे तीन मशीन या हिशेबाने वॉर्डासाठी दर ड्यूटीला पाच ते सहा, आणि रीयूज व रजा धरून एकूण चौदा टेक्निशियन लागतील.

तोवरच्या काळासाठी आणि त्यानंतरसाठी आमच्या मागण्या अशा आहेत:

१. रिकाम्या झालेल्या तीन जागा तातडीने भराव्यात. कायम भरती होईपर्यंत कंत्राटी टेक्निशियन घेतले तरी चालतील. मात्र नवीन माणसाला पहिले दोन आठवडे एकटे मशीन देऊ नये.

२. सोळा मशीनची व्यवस्था होईपर्यंत आणखी नवे रुग्ण घेऊ नयेत.

३. ज्या रुग्णाच्या फाइलवर डॉक्टरांनी वाढीव वेळ लिहिली आहे त्याला ती मिळावी. त्यासाठी अशा रुग्णांना दिवसाच्या शेवटच्या शिफ्टला किंवा ठरावीक दोन मशीनवर घ्यावे आणि त्या मशीनवर चौथा रुग्ण लावू नये. त्या दोन मशीनचे चौथ्या शिफ्टचे रुग्ण, रविवार धरून वारांची फेरजुळणी केली तर, बसवता येतील. रविवारच्या ड्यूटीला आम्ही आळीपाळीने तयार आहोत, बदली सुट्टी मिळावी एवढेच.

४. मशीन एकदम बंद न करता वीस-वीस मिनिटांच्या अंतराने लावायला परवानगी मिळावी. याला खर्च नाही. रुग्णांना बोलावण्याच्या वेळा बदलाव्या लागतील, ते फोन आम्ही करू.

५. हिपॅटायटिस बीच्या मशीनला स्वतंत्र टेक्निशियन असावा. त्याला आजपासून पर्याय नसावा.

६. रात्री साडेनऊनंतर सुटणाऱ्या सर्व स्त्री कर्मचाऱ्यांना घरापर्यंत गाडी, आणि प्रत्यक्ष सुटण्याच्या वेळेची हजेरी. जादा तासांचा मोबदला नियमाप्रमाणे.

७. सोळा मशीनच्या प्रस्तावाला होय किंवा नाही, लेखी उत्तर. नाही असेल तर कारण.

आम्ही कामावर येत आहोत आणि येत राहू. उत्तर मिळण्यासाठी कुणाच्याही डायलिसिसमध्ये खंड पडणार नाही.

चर्चेसाठी बोलावलेत तर आमच्यातले तिघे येतील. त्याआधी एक विनंती आहे. कोणत्याही सोमवारी सकाळी पावणेदहाला आपण विभागात यावे. पहिल्या खुर्चीपाशी उभे राहून साडेदहापर्यंत थांबावे. आम्हांला काही विचारू नये, घड्याळ भिंतीवर आहे.

आपले विश्वासू,
डायलिसिस विभागातील सर्व टेक्निशियन, सिस्टर, वॉर्डबॉय आणि मावशी